एच-४ वर दोन वर्षं झाली, स्वतःचा म्हणून एक डॉलर नाही. काय करता येईल?

कऱ्हाडची_चिमणी (१० जानेवारी २०२६)

बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी कऱ्हाडची. हिंजवडीत पाच वर्षं टेस्टिंगमध्ये होते, हातात बहात्तर हजार यायचे. डिसेंबर २०२३ मध्ये लग्न झालं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, इकडे फ्रिस्कोला, म्हणजे डॅलसच्या उत्तरेला आले. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. स्वभावाने चांगला आहे, हे आधीच सांगते, म्हणजे कुणी त्याच्यावर घसरणार नाही.

अडचण अशी, की माझ्याकडे त्याच्या क्रेडिट कार्डाचं जोडकार्ड आहे आणि मी काहीही घेतलं की त्याच्या फोनवर मेसेज वाजतो. संध्याकाळी तो सहज विचारतो, "आज ग्रोसरीत त्रेचाळीस डॉलर?" त्यात राग नसतो, पण आता मी भेंडी घेतानाही मनात उत्तर तयार ठेवते. त्याच्या वाढदिवसाला लपवून घड्याळ घेतलं, तर मी काउंटरवरून हलायच्या आत त्याचा फोन, "एवढं काय घेतलंस गं?" झालं सरप्राइज. त्याच्याच पैशाने त्यालाच भेट, वर पावतीसकट.

दुसरं म्हणजे गाडी येत नाही. डार्टची बस प्लेनोपर्यंत असते, फ्रिस्कोत नाही. उन्हाळ्यात पायी जायचा प्रश्नच नाही. काही दिवस असे जातात की रात्री आईशी फोन आणि सकाळी कुरियरवाल्याचं "हॅव अ गुड वन" एवढंच बोलणं होतं.

आता पुण्याच्या जुन्या मॅनेजरने विचारलंय, "तिकडून रिमोट काम करशील का? पगार इथल्या खात्यात टाकतो." करू का? नाही तर दुसरं काय करता येईल?

---

लंडनकर (१० जानेवारी)

इकडे या. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्करच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते. माझी बायको तिसऱ्या आठवड्यात कामाला लागली.

---

कऱ्हाडची_चिमणी (१० जानेवारी)

@लंडनकर, छान. नवऱ्याला सांगते, उद्या बॅगा भरतो.

---

मनमौजी_मंदार (१० जानेवारी)

बिनधास्त कर. कंपनी भारतातली, पगार रुपयात, खातं भारतात. अमेरिकेचा संबंध येतोच कुठे? माझी चुलत बहीण तीन वर्षं करतेय, कुणी विचारलेलं नाही. एच-४ वर अमेरिकन कंपनीत काम करता येत नाही, एवढाच नियम आहे.

---

टेक्सासवारी (११ जानेवारी)

चिमणी, मी इरविंगला असते. साडेसात वर्षं एच-४ वर काढली, त्यातली पाच परमिटशिवाय. मंदार अर्धं बरोबर सांगतायत आणि घोळ उरलेल्या अर्ध्यात आहे.

नियमात नोकरीची व्याख्या करताना "अमेरिकेच्या हद्दीत" असे शब्द आहेत. मालक भारतात आणि तू फ्रिस्कोत, हे त्यात बसतं का यावर वकील वाद घालतात. म्हणून ते करडं क्षेत्र म्हणतात, पण लेखी "कर" म्हणणारा मला एकही भेटला नाही.

खरी अडचण टॅक्समध्ये येते. कामाचं उत्पन्न कुठलं, हे इथे पगार कुठे जमा झाला यावरून ठरत नाही, काम करताना तू कुठे बसली होतीस यावरून ठरतं. तू फ्रिस्कोच्या डायनिंग टेबलावर बसून टेस्ट केसेस लिहिल्यास तर ते अमेरिकेतलं उत्पन्न. मग दोनच वाटा उरतात. रिटर्नमध्ये दाखवलंस तर परवाना नसताना काम केल्याचा पुरावा तूच सही करून दिलास. नाही दाखवलंस तर टॅक्स चुकवलास. पुढे ग्रीन कार्डच्या शेवटच्या अर्जात सरळ प्रश्न असतो, अमेरिकेत कधी परवानगीशिवाय काम केलंय का? मंदारच्या बहिणीला अजून कुणी विचारलेलं नाही याचं कारण तिचा तो अर्ज अजून आलेलाच नाही.

भारतातल्या एफडीचं व्याज, घराचं भाडं, शेअरचा लाभांश चालतो. ते बसल्या जागी येणारे पैसे आहेत, काम नव्हे. रिटर्नमध्ये मात्र तेही दाखवायचं.

आता एक प्रश्न. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचं कुठपर्यंत आलंय?

---

कऱ्हाडची_चिमणी (११ जानेवारी)

"चालू आहे" म्हणतो. पण भारतीयांची रांग दहा-बारा वर्षांची आहे ना? मग ते विचारून मला आत्ता काय उपयोग?

---

टेक्सासवारी (११ जानेवारी)

इथेच बहुतेकींची गल्लत होते, माझीही झाली होती. दोन वर्षं मी "आपला नंबर यायला म्हातारपण येईल" म्हणून विषयच काढला नाही.

एच-४ चं वर्क परमिट, म्हणजे ईएडी, मिळायला रांगेत नंबर यावा लागत नाही. नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे त्याच्या कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज, मंजूर झाला की पुरे. २०१५ पासून हा नियम आहे. त्यावर कोर्टात खटला चालला, वरच्या कोर्टाने २०२४ मध्ये नियम कायम ठेवला आणि गेल्या ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

आय-१४० च्या आधीचे टप्पे सगळे त्याच्या कंपनीच्या हातात असतात. आधी श्रम खात्याकडून त्या पदाचा पगार ठरवून घ्यायचा, मग जाहिराती देऊन इथला माणूस मिळत नाही हे दाखवायचं, मग पर्म हा अर्ज भरायचा आणि तो मंजूर झाला की आय-१४०. शेवटचा टप्पा जास्त फी भरून पंधरा कामकाजाच्या दिवसांत होतो. आधीच्यांना मात्र सध्याच्या गतीने सगळं मिळून दोन वर्षं धर, जास्तही लागतात.

तेव्हा "चालू आहे" हे उत्तर चालणार नाही. पगार ठरवायचा अर्ज गेला का? गेला असेल तर कोणत्या तारखेला? एवढं विचार. भांडणासाठी नाही गं. तुझी नोकरी ज्या फायलीवर अवलंबून आहे ती कुठे आहे, हे तुला माहीत असायला हवं की नको?

---

निर्भया_सखी (११ जानेवारी)

तुमचा पासपोर्ट कुणाकडे असतो? खर्चावर नजर ठेवणं, गाडी न शिकवणं ही आर्थिक छळाची लक्षणं आहेत. एच-१बी धारकाच्या बायकोवर छळ होत असेल तर नवऱ्याच्या सहीशिवाय स्वतंत्र वर्क परमिट मागता येतं, फॉर्म आय-७६५व्ही. चोवीस तासांची हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३.

---

कऱ्हाडची_चिमणी (११ जानेवारी)

ताई, काळजीबद्दल आभार, पण मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं. पासपोर्ट त्याच्या कपाटातल्या फायलीत असतो, कारण सगळेच कागद तिथे असतात. गाडी शिकवायला तो तयार आहे, पण पहिल्याच दिवशी इतका ओरडला की मीच परत बसले नाही.

---

टेक्सासवारी (११ जानेवारी)

सखीताईंनी दिलेली माहिती खरी आहे, ती इथे राहू दे. वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागेल.

आणि चिमणी, छळ नसला तरी पासपोर्ट, व्हिसा आणि मंजुरीच्या कागदाचे फोटो तुझ्या स्वतःच्या ईमेलवर ठेव. आय-९४, म्हणजे देशात आल्याची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद, त्याला मागायची गरज नाही. i94.cbp.dhs.gov वर नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर टाकला की तुझा तुला दिसतो. इथला तुझा मुक्काम त्यावरच्या तारखेपर्यंत असतो, व्हिसाच्या शिक्क्यावरच्या नव्हे. इथे राहून मुदतवाढ घेतली असेल तर मात्र नवा आय-९४ मंजुरीच्या कागदाच्या तळाशी असतो. साइटवर जुनी तारीख बघून घाबरू नकोस.

---

बायकोचा_डिपेंडंट (१२ जानेवारी)

थोडं वेगळं लिहितो. मी पुरुष आहे आणि एच-४ वर आहे. मूळ कोल्हापूर, सध्या ओहायो. बायको एच-१बी वर, मी कोल्हापुरात फाउंड्रीत प्रॉडक्शन मॅनेजर होतो, हाताखाली साठ माणसं.

मंडळाच्या गणपतीत कुणीही भेटला की पहिला प्रश्न, "काय करता?" पहिल्या वर्षी "ब्रेकवर आहे" म्हणायचो, आता "पोळ्या करतो" म्हणतो. समोरचा हसतो आणि विषय संपतो. बायकांना निदान "घरी असते" म्हणता येतं, आम्हाला ते वाक्यही दिलेलं नाही. आईला अजून वाटतं मी इथे "कन्सल्टिंग" करतो.

पैशाचं आमचं असं ठरलंय: तिच्या पगाराच्या दिवशी ठरावीक रक्कम माझ्या खात्यात आपोआप जाते. मागावी लागत नाही. रक्कम मोठी नाही, पण केस कापायला किती लागले हे मला कुणाला सांगावं लागत नाही.

---

कऱ्हाडची_चिमणी (१२ जानेवारी)

@बायकोचा_डिपेंडंट, दादा, तुमच्या नावावर खातं निघालं कसं? माझ्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही. वर्क परमिटशिवाय तो मिळत नाही म्हणतात.

---

बायकोचा_डिपेंडंट (१२ जानेवारी)

मिळत नाहीच. मी आयटीआयएनवर काढलं. पण सविस्तर टेक्सासवारीताई सांगतील, माझा फॉर्म पहिल्यांदा परत आला होता.

---

टेक्सासवारी (१३ जानेवारी)

वेळ अगदी बरोबर आहे, रिटर्न भरायचे दिवस आलेत. आयटीआयएन म्हणजे टॅक्ससाठीचा नंबर. त्याचा फॉर्म डब्ल्यू-७, आणि तो एकटा पाठवायचा नसतो. तुम्हा दोघांच्या जोडरिटर्नला जोडून पाठवायचा. भाऊंचा बहुधा त्यामुळेच परत आला असेल.

मूळ पासपोर्ट पोस्टाने पाठवू नकोस, आठवडेच्या आठवडे तिकडे अडकतो. आयआरएस या टॅक्स खात्याच्या ऑफिसात अपॉइंटमेंट घेऊन दाखवता येतो, किंवा त्यांनी मान्यता दिलेले एजंट असतात, ते तपासून लगेच परत देतात. एजंट फी घेतात, आधी विचारून घे. नंबर यायला सात आठवडे, टॅक्सच्या हंगामात नऊ ते अकरा.

गेल्या वर्षी त्याने रिटर्न कसं भरलं तेही विचार. पुष्कळ नवरे बायकोचा नंबर नाही म्हणून "विवाहित, वेगळं" असं भरून टाकतात आणि निष्कारण जास्त टॅक्स जातो. २०२५ सालासाठी जोडरिटर्नची स्टँडर्ड वजावट ३१,५०० डॉलर आहे, वेगळं भरलं तर त्याला निम्मीच मिळते. म्हणजे तुझ्या नंबरात त्याचा फायदा आहे. मागचं रिटर्न तीन वर्षांच्या आत दुरुस्तही करता येतं.

खात्यासाठी मात्र नंबराची वाट बघत बसू नकोस. काही बँका पासपोर्ट आणि पत्त्याच्या पुराव्यावर शाखेत खातं उघडतात, काही नाही म्हणतात. एकाच बँकेची एक शाखा हो म्हणते, दुसरी नाही. दोनतीन ठिकाणी जा. खातं तुझ्या एकटीचं काढ, ईमेल आणि मोबाइल तुझा दे. जोडखात्यात पैसे दोघांचे असले तरी मेसेज दोघांना वाजतात, आणि तुझं मूळ दुखणं तेच आहे.

आयटीआयएन आला की दोनतीनशे डॉलर ठेव ठेवून सुरक्षित क्रेडिट कार्ड घे. उद्या ईएडी मिळालं तर सोशल सिक्युरिटी नंबर येईल. तेव्हा आयआरएसला पत्र लिहून आयटीआयएन रद्द करायचा आणि क्रेडिटचा इतिहास नव्या नंबरावर जोडून घ्यायचा. तो वाया जात नाही.

---

कायद्याचं_बोला (१३ जानेवारी)

टेक्सासमध्ये लग्नानंतरची कमाई दोघांची मानतात. त्याच्या पगारातला अर्धा तुमचाच आहे. मागायचं कशाला?

---

टेक्सासवारी (१३ जानेवारी)

मालकी दोघांची, हे खरं. पण ज्याने कमावलं त्याच्याच नावावर पैसा असेल तर तो वापरायचा अधिकारही त्याच्या एकट्याचा, हे त्याच कायद्यात आहे. त्या अर्ध्याचा हिशोब बहुधा घटस्फोटाच्या वेळीच निघतो. आज भेंडी घ्यायला त्याचा उपयोग नाही.

---

कऱ्हाडची_चिमणी (१६ जानेवारी)

विचारलं. लिहायला तीन दिवस लागले.

काहीही चालू नाहीये. ऑगस्टमध्ये कंपनीच्या वकिलाने माहितीचा फॉर्म पाठवला होता, तो त्याच्या इनबॉक्समध्ये तसाच पडून आहे. कारण काय, तर एप्रिल-मेमध्ये दुसरीकडे जायचा विचार आहे. "मग इथे सुरू करून काय फायदा, तिकडे वर्षभराने करतीलच ते." मला सांगायचं राहून गेलं म्हणे. मुद्दाम लपवलं नाही, याची मला खात्री आहे. पण पाच महिने ती फाइल माझी पण होती, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. त्याचं जास्त लागलं.

त्याचा एच-१बी ऑक्टोबर २०२२ पासून आहे.

---

टेक्सासवारी (१६ जानेवारी)

मग आता तुझं बाजूला ठेव, त्याचाच हिशोब त्याच्यासमोर मांड.

एच-१बी ची सहा वर्षं ऑक्टोबर २०२८ ला संपतात. पुढे मुदतवाढ हवी तर आय-१४० मंजूर हवा, नाही तर पर्म भरून ३६५ दिवस झालेले हवेत. म्हणजे पर्म ऑक्टोबर २०२७ च्या आत भरला गेला पाहिजे.

तो मे २०२६ मध्ये नव्या कंपनीत गेला आणि त्यांनी "वर्षभराने" म्हणजे मे २०२७ ला सुरुवात केली असं धर. पगार ठरवून यायला सहा महिने, जाहिरातींना दोनतीन. पर्म भरेपर्यंत २०२८ चा जानेवारी-फेब्रुवारी उजाडला. तारीख हुकली. मग ऑक्टोबर २०२८ ला तुम्हा दोघांनाही देश सोडून काही महिने बाहेर थांबावं लागेल. या सहा वर्षांत भारतात घालवलेले दिवस परत जोडून मिळतात, पण तीन-चार ट्रिपांचे मिळून किती होणार?

नोकरी बदलू नये असं मी म्हणत नाही. आय-१४० च्या आधी बदलली तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. मंजूर झाल्यावर बदलली तर रांगेतली तारीख सोबत येते, आणि मंजुरीला १८० दिवस होऊन गेले असतील तर जुन्या कंपनीने अर्ज मागे घेतला तरी मंजुरी जात नाही. एक तर थांबायचं, नाही तर नव्या कंपनीकडून "रुजू झाल्याबरोबर सुरू करू" हे ऑफर घेतानाच लेखी घ्यायचं.

---

मनमौजी_मंदार (१६ जानेवारी)

पण तिकडे पगार तीस टक्के वाढत असेल तर? दोन वर्षं थांबून त्याचंही नुकसानच की. तिच्या परमिटसाठी त्याने वाढ सोडायची?

---

बायकोचा_डिपेंडंट (१६ जानेवारी)

मंदारराव, तीस टक्के वाढ एका पगाराची. इथे दुसरा अख्खा पगार अडकलाय. गुणाकार करून बघा.

---

मी_पुन्हा_आले (१७ जानेवारी)

ईएडी म्हणजे सगळं मिटलं असंही समजू नका. माझं संपलं नोव्हेंबरमध्ये. पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत दिला असेल तर जुन्या कार्डावर ५४० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता यायचं. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दिलेल्या अर्जांना ती सवलत नाही. माझा अर्ज गेला ३ नोव्हेंबरला, कारण नवऱ्याची मुदतवाढ उशिरा आली. पाच दिवसांनी हुकलं. सध्या बिनपगारी घरी बसलेय आणि कंपनी दर सोमवारी विचारते, "एनी अपडेट?"

---

कऱ्हाडची_चिमणी (१७ जानेवारी)

बाप रे. स्वतःचा एच-१बी काढणं बरं मग? त्याला आता लाख डॉलर फी झालीय ना पण?

---

टेक्सासवारी (१७ जानेवारी)

ऑक्टोबर २०२५ च्या सरकारी खुलाशाप्रमाणे, इथेच राहून एच-४ वरून एच-१बी वर स्टेटस बदलणाऱ्याला ते लाख डॉलर लागत नाहीत. एच-४ वर काढलेली वर्षं तुझ्या सहा वर्षांतूनही वजा होत नाहीत. पण एच-१बी च्या मार्चच्या सोडतीत नाव टाकणारी कंपनी आधी शोधायला हवी, आणि दोन वर्षांचा खंड बघून किती जण तयार होतात ते मी सांगू शकत नाही. प्रयत्न कर. मला नाही जमलं.

कॉलेज मात्र करता येतं, वेगळा व्हिसा लागत नाही. कॉलिन कॉलेजचा कॅम्पस फ्रिस्कोतच आहे. टेक्सासमध्ये एच-४ वाल्यांना रहिवाशांची फी लागू होऊ शकते, तू वर्षाच्या वर इथे आहेस. मी तिथे एक अकाउंटिंगचा कोर्स केला. अकाउंटिंग विसरले, पण आठवड्यातून दोनदा कुणीतरी नावाने हाक मारायचं.

---

कऱ्हाडची_चिमणी (२४ जानेवारी)

थोडं पुढे सरकलंय. पहिल्या बँकेने नाही म्हटलं, दुसऱ्या बँकेच्या शाखेत पासपोर्ट आणि घराच्या करारावर खातं निघालं. करारावर माझं नाव होतं म्हणून वाचले. दर पगाराला साडेतीनशे डॉलर आपोआप येतील असं ठरलं. तो पाचशे म्हणत होता, मीच कमी सांगितले. का सांगितले, माहीत नाही.

डब्ल्यू-७ साठी एजंटची अपॉइंटमेंट ३ फेब्रुवारीची आहे. गेल्या वर्षीचं रिटर्न खरंच वेगळं भरलं होतं. दुरुस्त करायचंय.

वकिलाचा फॉर्म त्याने भरून पाठवला. पण दुसऱ्या कंपनीचे इंटरव्ह्यूही चालू आहेत. त्यावर आमचं एकमत नाही. तो म्हणतो ऑफर आली की बघू.

पुण्याच्या मॅनेजरला नाही कळवलं. त्या दिवशी जेवले नाही.

---

प्लेनोची_पमी (२४ जानेवारी)

चिमणी, मी तुझ्यापासून वीस मिनिटांवर आहे, धागा आजच दिसला. नवऱ्याकडून गाडी शिकू नकोस, कुणीही शिकू नये. रविवारी सकाळी आठला आमच्या इथल्या शाळेचं पार्किंग रिकामं असतं. माझी गाडी जुनी आहे, ठोकलीस तरी चालेल. शिकाऊ परवाना काढलायस का?

---

कऱ्हाडची_चिमणी (२४ जानेवारी)

काढलाय, फाइलमध्ये आहे. 😄 आज बाहेर काढून ठेवते. पण आठ वाजता प्लेनोला येऊ कशी?

---

प्लेनोची_पमी (२४ जानेवारी)

मी येते न्यायला. पत्ता व्यनि कर.